तुम्ही विचारलंत म्हणून: शहांची यादी

‘शोगीचं तीन चालींचं कोडं समोर आलं की मला काही सुचतच नाही. तुम्ही सुरुवात कुठून करता?’

सुचण्याची वाट मी पाहतच नाही. त्सुमे-शोगीत, म्हणजे या जपानी बुद्धिबळातल्या मात देण्याच्या कोड्यांत, हल्ला करणाऱ्याची प्रत्येक चाल शहच असावी लागते. त्यामुळे शक्य तेवढे शह मोजायचे. लहान कोड्यात ते बोटांवर मावतात.

एक कोडं घ्या. रकाने उजवीकडून, ओळी वरून मोजायच्या; आपण खालून खेळतोय. समोरचा राजा २-१ वर. त्याचा क्योशा, म्हणजे सरळ पुढे धावणारा भालाईत, १-१ वर आणि प्यादं १-३ वर. आपलं प्यादं ३-३ वर आणि हातात, म्हणजे पटावरच्या रिकाम्या घरात टाकायला, दोन किन. किन म्हणजे सुवर्णसेनापती: मागच्या दोन तिरक्या घरांखेरीज सगळीकडे एक घर चालतो.

पटावरच्या सोंगट्यांनी मिळणारे शह आधी तपासायचे, कारण नवशिक्यांचं लक्ष हातातल्या सोंगट्यांवरच असतं. इथे असा एकच आहे: प्यादं ३-२ ला नेऊन बढती द्यायची, म्हणजे ते किनासारखं चालतं. पण त्याला आधार नाही, राजा ते खातो. संपलं.

आता हातातला किन. शह देणारी मोकळी घरं चार: १-२, २-२, ३-१, ३-२. १-२ वर टाकला तर क्योशा खातो. २-२ वर टाकला तर राजा खातो आणि मोकळ्यावर येतो.

३-१ मात्र फसवा आहे. राजाने तो किन खाल्ला, तर दुसरा ३-२ वर टाकायचा. त्याला मागून प्याद्याचा आधार, आणि मात! इथेच बरेच जण कोडं सुटलं म्हणून उठतात. पण त्याने खायलाच हवं असं कोण म्हणतं? राजा नुसता २-२ वर सरकतो. मग ३-२ वर किन टाकला तरी तो २-३ वर निसटतो. म्हणून समोरच्याची सगळी उत्तरं पाहिल्याशिवाय कुठल्याही शहावर बरोबरची खूण करायची नाही. आपल्याला सोयीचं उत्तर तर तो बहुतेक देतच नाही.

उरला ३-२. इथे टाकलेल्या किनाला प्याद्याचा आधार, म्हणून तो खाता येत नाही. ३-१ आणि २-२ ही घरं तोच अडवतो, १-१ वर क्योशा बसलाय. राजाला एकच वाट: १-२. आता पुन्हा तीच मोजणी. पहिलाच किन २-२ ला सरकवला तर निराधार, राजा खातो. दुसरा २-३ वर टाकला, तरी तेच. २-२ वर टाकला तर पहिला किन त्याला बाजूने आधार देतो, २-१ आणि २-३ दोन्ही बंद होतात. मात, आणि हातही रिकामा.

उत्तर मिळाल्यावर मी एक उलटतपासणीही करतो: पटावरची प्रत्येक सोंगटी तिथे का आहे? १-३ वरचं प्यादं काढून पाहा. शेवटच्या शहावर राजा तिथूनच खाली उतरतो. म्हणजे त्याची वाट त्याच्याच प्याद्याने अडवली होती.