१७ जून की १८ जून? कोटा-की-सरायचं निवेदन परत उघडलं

मागच्या अपडेटमध्ये आपल्या फिल्ममधल्या, ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सरायच्या लढाईच्या प्रसंगाचं निवेदन पक्कं झालं, असं लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. निवेदनात राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूची तारीख १८ जून १८५८ होती आणि ग्वाल्हेरात बलिदान दिवसही १८ लाच पाळतात, म्हणून कुणी शंका घेतली नव्हती. तारखांचा तक्ता भरायला घेतला तेव्हा लढाईची प्रत्येक नोंद १७ वर जाऊन बसली.

क्रम असा लागतो. १६ ला इंग्रज सेनापती ह्यू रोझने ग्वाल्हेरची मुरार छावणी घेतली. १७ ला ब्रिगेडियर स्मिथची तुकडी कोटा-की-सरायला भिडली आणि आठव्या हुसार या इंग्रज घोडदळ पलटणीच्या एका स्क्वॉड्रनने तो प्रसिद्ध हल्ला चढवला. १८ ला रोझ स्मिथला येऊन मिळाला, १९ ला शहर पडलं, २० ला किल्ला. राणी हुसारांच्या हल्ल्यात पडल्या असं म्हणायचं आणि तारीख १८ द्यायची, हे एका वाक्यात बसत नाही.

हल्ल्याच्या तारखेला सगळ्यात भक्कम आधार अनपेक्षित जागी मिळाला: ब्रिटिश सरकारचं राजपत्र, लंडन गॅझेट. या हल्ल्याबद्दल हुसारांतल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि जानेवारी १८५९च्या त्या मानपत्रात १७ जून १८५८ स्पष्ट छापलंय. रोझचा खलिता घटनेनंतर काही महिन्यांनी लिहिलेला, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवायची नव्हती. फॉरेस्टने संपादित केलेल्या लष्करी कागदपत्रांचा चौथा खंड यासाठी हाताशी हवाच. स्कॅनमधल्या शोधावर मात्र विसंबू नका: `Jhansi` टाकलं की अर्धी पानं निसटतात. `Jhansee`, `Ranee`, `Kotah` असे वेगवेगळे शोध घ्या आणि तरी १६ ते २० जूनची पानं डोळ्यांनी चाळा.

इथे हुरळून जाऊन १७ लिहून टाकलं असतं तर दुसरी चूक झाली असती. गॅझेट हल्ल्याची तारीख सिद्ध करतं, मृत्यूची नाही. राणी स्वाराच्या वेषात होत्या. समोर कोण आहे हे हुसारांना त्या क्षणी कळलंच नव्हतं. जखम तलवारीची की गोळीची यावरही वृत्तांत जुळत नाहीत. जखमी होणं, प्राण जाणं आणि बातमी इंग्रज छावणीत पोचणं या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि आपल्या तक्त्यात त्यांना मिळून एकच रकाना होता. आता प्रत्येक घटनेला तीन रकाने केलेत: घटनेची तारीख, कागद लिहिल्याची तारीख, छापल्याची तारीख. तारेवरची तारीख दुसऱ्या रकान्यात जाते, हे विसरलं की १८ चा १७ आणि १७ चा १८ सहज होतो.

मग पंचांगाची भानगड. देशी कागदात तिथी असते आणि पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. १७ जून १८५८ हा गुरुवार. त्या रात्री दोन वाजता काही घडलं तर इंग्रजी हिशेबाने तो शुक्रवार, १८ जून. देशी कारकुनाच्या लेखी अजून गुरुवारच. त्यामुळे मोडी कागदातली तिथी उतरवताना वार आणि प्रहर सोडू नका. नुसती तिथी ऑनलाइन परिवर्तकात घातली तर एक दिवस इकडेतिकडे होतो. प्रसंग ज्येष्ठ शुद्धातला आहे हे नशीब. वद्य पक्ष असता तर उत्तरेकडची पौर्णिमांत आणि आपली अमांत पद्धत यांत महिन्याचं नावच बदललं असतं.

गोडसे भटजींचा वृत्तांत इथे कामाचा नाही. झाशीच्या वेढ्यासाठी तो डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. ग्वाल्हेरच्या प्रसंगाला मात्र ते हजर नव्हते आणि लिहिलंय तेही बऱ्याच वर्षांनी.

‘हॉफमनने १८५० साली काढलेला राणींचा फोटो’ अखेर टाइमलाइनवरून उडवला, याचं समाधान मोठं आहे. कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन स्टुडिओ १८८०च्या दशकातला. फोटो कुणाचाही असो, त्याच्याखालची ओळ टिकत नाही.

निवेदनाचा नवा मसुदा: “१७ जूनला कोटा-की-सरायला हुसारांनी हल्ला चढवला. ग्वाल्हेर १८ जूनला राणींचं स्मरण करतं.” पहिलं वाक्य रणभूमीच्या दृश्यावर, दुसरं समाधीवर.

हे लिहितानाच सुचतंय की राणी आणि हुसार यांच्या द्वंद्वाचं नाट्यरूपांतर काढूनच टाकावं. तलवार की गोळी हे ठरत नसताना अभिनेत्याच्या हातात काय द्यायचं? त्याऐवजी नकाशावर कोटा-की-सराय ते राणींची समाधी असलेली फुलबाग ही वाट, आणि खाली तक्त्याचे तीन रकाने एकेक करून भरत जाताना. त्यासाठी गॅझेटचं पान मोठ्या रिझोल्यूशनमध्ये लागेल. मोबाइलचं स्कॅन ॲप कडा आपोआप छाटतं आणि वरचा पानक्रमांक, तारीख नेमके त्यातच जातात, म्हणून ऑटो-क्रॉप बंद ठेवून ते पान पुन्हा घ्यायचंय.