चौथा उपग्रह कशासाठी?

नकाशावरचा निळा ठिपका बोट ठेवावं तसा नेमका रस्त्यावर टेकतो. त्यामागे जीपीएस आहे आणि जीपीएसमागे वेळेचं मोजमाप आहे हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. उपग्रहाकडून सिग्नल निघाला कधी, पोचला कधी, मधल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळालं. ऐकायला सोपं आहे, पण यात एक अडचण दडलेली आहे. निघाल्याची वेळ उपग्रहातलं अणुघड्याळ सांगतं. पोचल्याची वेळ सांगतो फोनमधला क्वार्ट्झचा तांदळाएवढा तुकडा.

प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे 300 मीटर जातो. फोनमधलं क्वार्ट्झ चांगल्यापैकी असलं तरी दहा लाखांत एखादा भाग इकडेतिकडे होणारच. म्हणजे दर सेकंदाला एक मायक्रोसेकंदाची चूक आणि अंतरात 300 मीटरची भर. अशा घड्याळाच्या भरवशावर गल्ली तर सोडाच, गावही सापडू नये. तरीही ठिपका बरोबर पडतो, कारण हे घड्याळ सगळ्या उपग्रहांशी सारखंच खोटं बोलतं. शिंप्याच्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेले असले तर छाती, कंबर, बाही, सगळी मापं दोन इंच जास्तच येतात, तसं हे आहे. किती तुटलंय हे कळलं की मापं पुन्हा कामाची.

आता ते कळतं कसं, हे एका सरळ रेषेवर पाहू. रेषेच्या दोन टोकांना दोन ट्रान्समीटर आहेत, त्यांच्यात 60 किलोमीटर अंतर आहे आणि रिसीव्हर मधे कुठेतरी आहे. घड्याळ अचूक असेल तर पहिल्याचा सिग्नल 80 मायक्रोसेकंदांत पोचला, म्हणजे 24 किलोमीटर. दुसऱ्याचा 120 मध्ये, म्हणजे 36 किलोमीटर. बेरीज 60, हिशेब जुळला. आता घड्याळ 50 मायक्रोसेकंद पुढे आहे असं धरा. आकडे येतील 130 आणि 170. अंतरं 39 आणि 51 किलोमीटर, बेरीज 90. रस्ता 60चाच आहे, तेव्हा जादाचे 30 किलोमीटर दोन्ही मापांत निम्मे निम्मे शिरलेत. प्रत्येकातून 15 वजा केले की 24 आणि 36 परत हातात. एका मितीतली जागा शोधायला दोन ट्रान्समीटर लागले. एक जागेसाठी, एक घड्याळासाठी.

अवकाशात जागेच्या तीन मिती, चौथी अज्ञात गोष्ट घड्याळाची चूक, म्हणून किमान चार उपग्रह. घड्याळाची चूक अजून पोटात असलेल्या या कच्च्या अंतराला स्यूडोरेंज म्हणतात. रिसीव्हर ही चार समीकरणं अंदाजपंचेच सोडवायला घेतो. एक जागा गृहीत धरायची, तिथून प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढायचं, मोजलेल्या स्यूडोरेंजशी ताडून पाहायचं, फरकावरून जागा आणि घड्याळ दोन्ही सरकवायचं, मग पुन्हा तेच. सुरुवातीला ‘मी पृथ्वीच्या केंद्रात आहे’ असं धरलं तरी साधारण पाचसहा फेऱ्यांत उत्तर जमिनीवर येऊन स्थिरावतं.

सापेक्षतावादाची दुरुस्ती केली नाही तर ठिपका रोज 11 किलोमीटर भरकटेल, हे वाक्य लेखांमधून सर्रास भेटतं. ते तितकंसं खरं नाही. उपग्रहांतली घड्याळं दुरुस्तीविना दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातील हे खरं, आणि त्याचे 11 किलोमीटर होतात हेही खरं. पण ही चूक सगळ्या उपग्रहांत जवळपास सारखी आहे. ती मुकाट्याने रिसीव्हरच्या घड्याळाच्या खात्यात जमा होईल आणि जागेला फारसा धक्का लागणार नाही. खरा उपद्रव उपग्रहागणिक बदलणाऱ्या चुकीचा. कक्षा थोडी लंबगोल असल्यामुळे येणारा फरक असा आहे. तो काही मीटरपर्यंत जातो आणि रिसीव्हरला वेगळा काढावा लागतो.

घड्याळाला दिलेल्या या सवलतीची किंमत मोजावी लागते उंचीत. पुन्हा त्या रेषेकडे जाऊ. दोन्ही ट्रान्समीटर रिसीव्हरच्या एकाच बाजूला असते तर? रिसीव्हर लांब सरकला काय किंवा घड्याळ पुढे गेलं काय, दोन्ही मापं सारखीच वाढली असती आणि कारण ओळखता आलं नसतं. आडव्या दिशेत ही वेळ सहसा येत नाही, कारण उपग्रह चहूबाजूंना विखुरलेले असतात. उभ्या दिशेत मात्र सगळे वरच. खालचे उपग्रह पृथ्वीआड गेलेले.

समजा घड्याळ 100 नॅनोसेकंद पुढे गेलं. सगळ्या स्यूडोरेंज 30 मीटरनी वाढतील. घड्याळ बरोबर आहे पण रिसीव्हर 30 मीटर खाली गेला, तर डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतर 30 मीटरनी वाढेल, क्षितिजापासून 30 अंशांवरच्याचं 15 मीटरनी, आणि अगदी क्षितिजालगतच्याचं जवळपास काहीच नाही. उंची आणि घड्याळ वेगळं काढायला एवढाच धागा आहे. उंच इमारतींच्या बोळात फक्त 60 अंशांच्या वरचे उपग्रह दिसत असतील तर त्यांच्यातली वाढ 26 ते 30 मीटरच्या दरम्यान राहते. चार मीटरचा तो फरक ओळखायचा, आणि प्रत्येक मापात दोनतीन मीटरचा गोंधळ आधीच मुरलेला! उंची उड्या मारते ती इथे. बरं, खालचे उपग्रह मुद्दाम घ्यावेत तर त्यांचा सिग्नल वातावरणातून तिरपा, लांबून येतो आणि जास्त रेंगाळतो. म्हणून बरेच रिसीव्हर 10–15 अंशांखालचे उपग्रह टाकून देतात.

हे सगळं रिसीव्हरच्या एका ओळीत वाचता येतं:

```
$GPGSA,A,3,04,05,,09,12,,,24,,,,,2.5,1.3,2.1*39
```

`A` नंतरचा 3 म्हणजे तिन्ही मिती मिळाल्या. मधले 04, 05, 09, 12, 24 हे वापरलेले उपग्रह. शेवटचे तीन आकडे अनुक्रमे तिन्ही मितींचा मिळून PDOP, आडव्या दिशेचा HDOP आणि उंचीचा VDOP. मापातली चूक जागेत किती पट होऊन उतरेल ते हे सांगतात. मापात 3 मीटरची चूक धरली तर आडव्या दिशेत 1.3 पट, म्हणजे 4 मीटरच्या आसपास, आणि उंचीत 2.1 पट, म्हणजे 6 मीटरच्या वर. त्या 3च्या जागी 2 दिसला तर सावध व्हावं. उपग्रह तीनच मिळालेत आणि रिसीव्हरने उंची स्वतःच धरून चालवली आहे. ती धरलेली उंची चुकली की ठिपका आडवाही सरकतो, आणि तो सरकलाय हे स्क्रीनवर कुठेही लिहून येत नाही.

चार उपग्रहांतही हीच गोम आहे. चार अज्ञात, चार समीकरणं, हिशेब नेहमीच तंतोतंत जुळतो. एखादा सिग्नल काचेच्या भिंतीवर आपटून 40 मीटर जास्त फिरून आला, तरीही जुळतो. ती चूक सगळ्यांना सामायिक नसल्याने घड्याळ तिला पोटात घेत नाही, ती थोडी जागेत, थोडी उंचीत, थोडी घड्याळात वाटली जाते. वरच्या ओळीत उपग्रह पाच आहेत. पाचव्यामुळे ताळा करायला एक जादा समीकरण मिळतं. पाचांपैकी एकाने फसवलं तर बाकी उरते आणि काहीतरी बिनसलंय हे कळतं. नेमकं कोणी फसवलं हे ठरवून त्याला वगळायचं असेल तर सहावा लागतो.