सकाळचं हरवतं, संध्याकाळचं राहतं

ऑडिओबुकच्या अ‍ॅपबद्दल तक्रारी येतात त्यांतली बहुतेक उत्तरं मला फोनवरच देता येतात. "मोबाईलवर ऐकलेलं टॅबलेटवर दिसत नाही" म्हटलं की पहिला प्रश्न असतो, दोन्हीकडे लॉगिन एकच आहे का? बऱ्याचदा एकीकडे मोबाईल नंबर असतो नि दुसरीकडे ईमेल. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी वाचवणारी सेटिंग. माणूस ऐकता ऐकता अ‍ॅप झटकन बंद करतो, आणि शेवटची जागा वर पाठवायच्या आतच फोन अ‍ॅपला झोपवतो. पुढच्या वेळी अ‍ॅप उघडेपर्यंत ती जागा त्या फोनमध्येच अडकून राहते.

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात त्या काकू आल्या तेव्हा हे दोन्ही तपासून झालं होतं. लॉगिन एकच, बॅटरीची बंधनं काढलेली. काकू इचलकरंजीत एका कारखान्यात हिशेब बघतात. रोज कोल्हापुरातून एसटीनं जातात. सकाळी स्वयंपाक करताना टॅबलेटवर कादंबरी लावतात, मग तीच पुढं बसमध्ये मोबाईलवर.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "सकाळी बसमध्ये तासभर ऐकते. संध्याकाळी परत बसले की मोबाईल मला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन सोडतोय. पण संध्याकाळी ऐकलेलं मात्र कधी जात नाही."

या शेवटच्या वाक्यानं मी सावध झालो. नेटवर्कचा दोष असता तर तो रस्त्यावरच्या रेंजप्रमाणे कधी आला असता, कधी नाही. इथं सकाळचं ठरून जात होतं आणि संध्याकाळचं ठरून राहत होतं. म्हणजे कुठंतरी एखादा नियम अगदी चोख काम करत होता.

आमचा नियम साधा होता. अ‍ॅप ऐकण्याची जागा सेकंदांत मोजतं आणि आधी फोनमध्येच लिहून ठेवतं. थांबवल्यावर आणि ऐकणं चालू असताना ठरावीक अंतरानं ती जागा सर्व्हरला जाते. सोबत वेळही जाते, म्हणजे ही नोंद कधीची आहे ते. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी आल्या तर सर्व्हर नंतरच्या वेळेची ठेवतो. कुठलंही उपकरण पुस्तक उघडताना सर्व्हरला विचारतं आणि आपल्यापेक्षा नवी नोंद मिळाली तर तिथं उडी मारतं. यातली वेळ येते उपकरणाच्या घड्याळातून. सर्व्हर स्वतःचीही वेळ लिहितो, पण ती फक्त लॉगमध्ये. निवाड्यात ती येत नाही.

काकूंच्या परवानगीनं मी त्यांच्या खात्याचा आदल्या दिवसाचा लॉग काढला. डाव्या वेळेत उपकरणाचं म्हणणं, उजवीकडे सर्व्हरला नोंद मिळाली ती वेळ, दोन्ही भारतीय वेळेत:

```
tablet  position=5412  client=13:42:07  server=08:11:05
phone   position=8752  client=10:52:40  server=10:52:41
```

मोबाईलच्या ओळीत एका सेकंदाचा फरक, तो वाटेत जातोच. टॅबलेटच्या ओळीत 19,862 सेकंद. यातले 19,800 सेकंद म्हणजे बरोबर साडेपाच तास, आणि भारतात घड्याळाच्या गोंधळात साडेपाच तास दिसले की संशय थेट टाइम झोनवर जातो.

मी काकूंना टॅबलेट दाखवायला सांगितला. भिंतीवरचं घड्याळ आणि टॅबलेटचं घड्याळ मिनिटभराच्या फरकानं जुळत होतं. काकूंना त्यात काही वावगं दिसणं शक्यच नव्हतं. मग मी त्यांना स्वतःच्या मोबाईलवरून त्याच टॅबलेटवरच्या ईमेलला एक ओळ पाठवायला लावली. मेल लगेच आला, पण त्यावर वेळ पडली साडेपाच तास आधीची. घड्याळ बरोबर दिसत असताना आत्ता आलेला निरोप जुना दिसला, तर टाइम झोन चुकलेला आहे असं खुशाल समजावं.

सेटिंगमध्ये टाइम झोन होता GMT+00:00. टॅबलेटमध्ये सिम नव्हतं, त्यामुळं देश कुठला हे त्याला मोबाईल नेटवर्ककडून कळत नव्हतं. मध्यंतरी तो रिसेट केला होता आणि झोन तसाच राहिला. वाय-फायवरून अचूक वेळ आली तरी पडद्यावर साडेपाच तास मागची दिसायची. म्हणून भाच्यानं 'ऑटोमॅटिक' बंद करून काटे हातानं पुढं केले. पडद्यावर सगळं ठीक झालं. पण ग्रीनिचचे 8:12 म्हणजे भारतातले दुपारचे 13:42, आणि टॅबलेट आत तेच धरून चालला होता.

आता दिवस मांडून बघा. सकाळी सव्वाआठच्या आधी काकू टॅबलेट ठेवतात, नोंद पडते 13:42 ची. बसमध्ये मोबाईल 10:52 ची नोंद पाठवतो. सर्व्हर म्हणतो ही जुनी, आणि टाकून देतो. संध्याकाळी मोबाईल अ‍ॅप उघडताना विचारतो, सर्व्हर 13:42 ची 'नवी' जागा देतो, आणि मोबाईल जवळची खरी जागा पुसून मागं उडी मारतो. मात्र संध्याकाळी साडेपाचला ऐकलेल्याची नोंद 13:42 च्या पुढची असते, म्हणून ती टिकते. काकूंनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

झोन भारताचा करून घड्याळ पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकलं. एवढ्यानं लगेच सुटत नाही, कारण भविष्यातली वेळ लागलेली नोंद सर्व्हरवर असतेच आणि खरं घड्याळ तिला ओलांडेपर्यंत ती जिंकत राहते. ती मी हातानं दुरुस्त केली.

मग आमच्यात नियमावर चर्चा झाली. सर्वांत पुढची जागा तीच खरी मानावी, असं एक मत होतं. मला ते पटलं नाही. लोक आवडलेलं प्रकरण मागं जाऊन ऐकतात, आणि रात्री ऐकता ऐकता झोप लागली की पुस्तक दोन तास पुढं गेलेलं असतं. अशा वेळी पुढची जागा हीच चुकीची. सर्व्हरला नोंद पोहोचल्याची वेळ धरावी, हे दुसरं मत. तेही अडतं. आंबा घाटात रेंज नसताना सकाळी मोबाईलवर ऐकलं, दुपारी मुक्कामी वाय-फायवर टॅबलेटवर पुढं ऐकलं, आणि रात्री मोबाईलला नेट मिळालं, तर सकाळची जुनी नोंद शेवटी पोहोचून जिंकेल. पत्र कधी लिहिलं आणि टपालाचा शिक्का कधी बसला, यांत फरक असतो तसं हे आहे.

आम्ही शेवटी वय मोजायचं ठरवलं. आता उपकरण दोन वेळा पाठवतं: ऐकलं ती, आणि पाठवतानाची 'माझ्या घड्याळात आत्ता वाजलेत' ती. दोन्ही एकाच घड्याळाच्या, त्यामुळं घड्याळ कितीही चुकलेलं असलं तरी वजाबाकी बरोबर येते. सर्व्हर ते वय आपल्या स्वतःच्या वेळेतून वजा करतो. टॅबलेटची नोंद 13:42 ची, पाठवलीही 13:42 लाच, म्हणजे वय शून्य. सर्व्हरवर ती 8:11 ची ठरते आणि बसमधली 10:52 ची नोंद जिंकते. घाटातली नोंद रात्री आली तरी तिचं वय बारा तास असतं, म्हणून ती दुपारच्या नोंदीवर चढत नाही.

एक फट उरते. ऐकणं आणि पाठवणं यांच्या मध्येच कुणी घड्याळ बदललं तर वजाबाकी फसते. त्यासाठी अँड्रॉइडवर `SystemClock.elapsedRealtime()` वापरलं. फोन सुरू झाल्यापासून गेलेला वेळ ते मोजतं, फोन झोपलेला असतानाही, आणि काटे फिरवल्यानं बदलत नाही. फोन बंद करून चालू केला की मात्र ते शून्यावर येतं. तेवढ्या वेळी आम्ही पुन्हा साध्या घड्याळावर जातो आणि त्या नोंदीवर खूण ठेवतो. अशी खूण असलेली नोंद मागं उडी मारायला सांगत असेल तर अ‍ॅप आपणहून हलत नाही, दोन्ही जागा दाखवून ऐकणाऱ्यालाच विचारतं.