उरलेली एक गोळी

गड्ड्याची जत्रा उरकली की आठवडाभर दवाखान्यात घसेच घसे येतात. त्यातलाच एक, टॉवेलच्या कारखान्यातला चौतीस वर्षांचा कामगार. घसा दुखून चौथा दिवस. आवाज बसलेला, नाक वाहतंय, खोकला, ताप ९९.४. त्याने खिशातून अझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकची पट्टी काढली. बायकोच्या आजारपणातली, त्याच्या दोन गोळ्या घेऊन झालेल्या, एक उरलेली. "साहेब, कोर्स अर्धा सोडू नये म्हणतात. अजून दोन लिहून द्या."

बॅटरी मारून घसा पाहिला. लाल होता, पण टॉन्सिलवर पांढरे ठिपके नाहीत. जबड्याखालच्या गाठी दाबल्या, दुखल्या नाहीत. स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संशय घ्यायला आम्ही चार गोष्टी बघतो: १००.४ च्या वर ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे. याच्याकडे चारांपैकी एकही नाही. वाहतं नाक आणि बसलेला आवाज ही तर विषाणूचीच खूण, आणि विषाणूवर ही गोळी काहीच करत नाही.

"पण दोन गोळ्यांत उतार पडला की!" पडणारच. असा घसा दोन-तीन दिवस जास्त दुखतो, मग आपोआप उतरतो, आठवड्याभरात बरा होतो. लोक नेमकी तिसऱ्या दिवशी गोळी घेतात आणि श्रेय तिला जातं. काही औषध दुकानदारांचा आणि आमच्यातल्याही काहींचा नावलौकिक याच तिसऱ्या दिवसावर उभा आहे.

कोर्सचं मात्र त्याने चुकीचं ऐकलं नव्हतं, फक्त ते इथे लागू नव्हतं. मारायला जंतूच नसेल तर पुरा करायचा काय? गोळी बंद करा म्हटलं. अझिथ्रोमायसिन शरीरात रेंगाळतं. निम्मं औषध उतरायलाच जवळपास तीन दिवस लागतात. तोवर घशात, आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू त्या औषधात भिजत राहतात. दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे वाढतात आणि खोकल्यातून, हातांवरून घरातल्यांकडे जातात. उद्या कुणाला खरा न्यूमोनिया झाला, तर हेच औषध तोकडं पडू शकतं. शिवाय खऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या घशालाही पहिली पसंती याला नाहीच. तिथे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, तेही सहसा दहा दिवस. कारण संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होण्याची भीती असते.

त्याला पॅरासिटामॉल दिलं, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या सांगितल्या. थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, एकाच बाजूला सूज आली किंवा श्वास अडला, तर लगेच यायचं.

"मग ही पोराला ठेवू का? आठ वर्षांचा आहे." मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि त्या वयात खोकल्याशिवाय ताप आणि घसादुखी असेल तर घसा तपासल्याशिवाय भागत नाही. पट्टी मागून घेतली. त्याने दिली, पण शंभर रुपये बुडाल्यासारखं तोंड करून.