प्लास्टर काढलं, पण मशीन काढायला नको होतं

गेल्या मे महिन्यात एका लग्नाचा अल्बम माझ्याकडे रिटचिंगला आला. लग्नाच्या दहा दिवस आधी एका गाडीनं नवरीच्या वडिलांच्या स्कूटरला धडक दिली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात निळी झोळी. ते स्वतः म्हणाले, "ताई, कन्यादानाच्या फोटोतलं तेवढं प्लास्टर काढा. लेकीनं अल्बम उघडला की पहिल्यांदा माझा हातच दिसतो." मी हो म्हटलं.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. डाग पुसावा तसं प्लास्टर पुसता येत नाही, कारण त्याच्याखालचा हात फोटोत नसतोच. आजूबाजूची त्वचा क्लोन करून भरली, तर हाताच्या जागी गुळगुळीत नळकांडं तयार होतं. म्हणून साखरपुड्याचे फोटो मागवले. एकात ते ताट धरून उभे होते, कोपर तसंच वाकलेलं, उजेडही त्याच बाजूनं. तो हात आणून बसवला. मग झोळीचा पट्टा काढून सदऱ्याच्या रेघा जुळवल्या. प्लास्टर पांढरंफेक असल्यानं त्याचा उजेड हनुवटीखाली पडला होता, तोही उतरवला, नाहीतर काहीतरी चुकल्यासारखं दिसत राहतं. झोळीनं उचललेला खांदा मात्र तसाच ठेवला. नीट पाहिलं तर आजही कळतं. एका फोटोला तीन तास गेले.

नवरीची आई शेजारीच बसली होती. "मग धाकटीच्या कानामागचं मशीनही काढा ना, तेवढ्यात होईल." धाकटी एकोणीस वर्षांची. ऐकू येण्यासाठी तिला कॉक्लिअर इम्प्लांट आहे. कानामागे प्रोसेसर, त्याची बारीक वायर आणि डोक्यावर चुंबकानं चिकटलेली गोल चकती. हे काम खरंच सोपं होतं, चकतीवर केसांची दिशा सांभाळली की झालं. सात फोटोंमधून मशीन काढलं. मुलीला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. एकाचं प्लास्टर काढलं होतं, म्हणून दुसरीचं मशीन काढलं.

फोटो पसंत करायला ती आईबरोबर आली. मंडपातल्या फोटोवर थांबली, स्क्रीनवर कानामागच्या जागी बोट ठेवलं.

"माझं मशीन कुठंय?"

आई म्हणाली, "अगं, फोटोपुरतं काढलंय."

"मशीन काढलं की मला काही ऐकू येत नाही. मंगलाष्टकं मी ऐकली होती आई, सगळी. या फोटोत मी काहीच ऐकत नाहीये."

मला तोपर्यंत वाटत होतं की मशीन काढलं म्हणजे ती इतरांसारखी दिसेल. तिच्या लेखी मी तिला त्या मंडपात बहिरं करून ठेवलं होतं. प्लास्टर सहा आठवड्यांचा पाहुणा. मशीन ती सकाळी उठल्यावर लावते ते रात्री झोपताना काढते. शिवाय त्यातलाच एक क्लोजअप आईला तिच्या बायोडाटासाठी हवा होता. तो पाहून स्थळ आलं असतं, तर पहिल्याच भेटीत फोटो एक आणि मुलगी दुसरी असं झालं असतं, आणि उत्तरं तिला द्यावी लागली असती.

सगळी दुरुस्ती वेगळ्या लेयरवर केलेली होती, मूळ फोटोला हात लावलेला नव्हता. सातही लेयर तिच्यासमोर बंद केले. बायोडाटासाठी तिनं केस मागे घेतलेला, मशीन स्पष्ट दिसणारा फोटो स्वतः निवडला. आई काही बोलली नाही.

वडिलांच्या फोटोबद्दल मी निश्चिंत होते. हात त्यांचा, इच्छा त्यांची. पण ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल करायचा होता. वकिलांनी त्या दिवसांतले फोटो मागितले, आणि यांनी पेनड्राइव्हवरचा कन्यादानाचा फोटो देऊन टाकला. धडधाकट हात, आणि फाइलमध्ये तारीख लग्नाची! फोटोशॉपमधून फाइल सेव्ह केली तरी कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख सहसा तशीच राहते. मोडलेल्या हाताचा दावा करणाऱ्या माणसाविरुद्ध मीच पुरावा तयार करून ठेवला होता. वकिलांनी तो पुढे पाठवण्याआधी विचारलं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी मी कॅमेऱ्यातली मूळ फाइल नेऊन दिली.

आता अशा फोटोच्या नावातच `_retouched` लिहिते आणि मूळ फोटो त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये देते. ज्याच्या अंगावरचं काही काढायचं, त्याच्याशी मी स्वतः बोलते, घरच्यांमार्फत नाही. त्या अल्बममध्ये कन्यादानाच्या पानावर वडिलांचा हात आजही साखरपुड्याचाच आहे. त्यांना तो तसाच हवा आहे. शेजारच्या पानावर धाकटी उभी आहे, अक्षता टाकताना केस बाजूला झालेत आणि चकती दिसते.