व्हीजीएमचा एक आकडा आणि गेटवर अडकलेली गाडी

वाळूजच्या आमच्या कारखान्यातून कास्टिंगचा माल वीस फुटी कंटेनरमधून न्हावा-शेव्याला जातो. माल भरला, कस्टमचे कागद झाले, गाडी वेळेत पोचली. अडलं ते टर्मिनलच्या गेटवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रात्री ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, वजन जुळंना म्हणतेत, गाडी बाजूला लावायला सांगितली." एजंटच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर तयारच होतं, "तुमची पॅकिंग लिस्टच चुकलीय."

यादी चुकलेली नव्हती. पॅलेटसकट माल 19,640 किलो होता आणि एजंटने तोच आकडा व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणून भरला होता. गेटच्या काट्यावर ट्रेलर वजा जाता 22,040 किलो आले. फरक 2,400 किलोचा. दारावर छापलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन, म्हणजे टेअर, 2,230 किलो. आत ठोकलेले लाकडी ठोकळे आणि पट्टे 160 किलो. दोन्ही मिळून 2,390, उरलेले दहा किलो काट्याचे. फरक टेअरच्या आसपास असला की माल जास्त भरलेला नसतो, कुणीतरी टेअर मिळवायचं विसरलेलं असतं.

जुलै 2016 पासून सोलास या जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात माल, पॅकिंग, ठोकळे आणि टेअर सगळं धरावं लागतं. जबाबदारी निर्यातदाराची, म्हणून आकडा कुणीही भरला तरी हेलपाटा आपल्यालाच! मी दाराचा फोटो आणि वरचा हिशोब पाठवला, तेव्हा कुठे एजंटने 22,030 चं सुधारलेलं व्हीजीएम शिपिंग लाईनकडे दिलं. ड्रायव्हर रात्रभर पार्किंगमध्ये. गेट बंद व्हायच्या आत कंटेनर गेला, हे त्याच्या धीराचं काम.

आता एजंटने भरलेला फॉर्म तेरा, म्हणजे टर्मिनलच्या गेटमधून आत जायचा परवाना, मी स्वतः वाचल्याशिवाय गाडी सोडत नाही. वजन आणि सील नंबर, दोन्ही. बोल्ट सीलचा नंबर खिळ्यावर आणि कुलपावर एकच हवा, कागदावरही तोच, आणि जास्त सुरक्षेच्या सीलवर 'H' असतो. सील लावल्यावर खाली जोरात ओढायचं, मग पिळून बघायचं. खिळा सुटला, सैल झाला किंवा सांध्यात डिंक दिसला तर सील बदलायचं आणि नवा नंबर सगळ्या कागदांवर घालायचा. बंद दारासकट फोटो काढून ठेवायचा.

काट्यावर वजन करणार असाल तर रिकामी आणि भरलेली गाडी एकाच काट्यावर, टाकीत साधारण तेवढंच डिझेल असताना तोला. तीनशे लिटर डिझेल अडीचशे किलो भरतं. आणि एका ट्रेलरवर वीस फुटी दोन कंटेनर असले तर प्रत्येकाचं वेगळं वजन असं निघत नाही.