विश्वस्तांवरचं टिपण

आमच्या वाचनालयाचं मासिक वार्तापत्र छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी ज्येष्ठ विश्वस्तांच्या निधनाची बातमी आली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. अंकात अर्धं पान मोकळं करून टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात तारखेपासूनच करावी लागली. निरोप 'काल रात्री गेले' असा होता, पण दवाखान्याच्या कागदावर वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे तारीख पुढची. विश्वस्ताच्या निधनानंतर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो आणि त्याला मृत्यूचा दाखला जोडतात. वार्तापत्रात एक तारीख आणि अर्जात दुसरी, असं होऊ नये म्हणून मी दाखल्याचीच तारीख घेतली.

एका सभासदाने आधीच मजकूर पाठवला होता. त्यात काका 'संस्थापक विश्वस्त' होते आणि सभागृह त्यांनी 'बांधून दिलं' होतं. धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या ट्रस्टच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा काढून पाहिला, तर मूळ विश्वस्तांत त्यांचं नाव नाही. ते १९८९च्या बदल अर्जाने मंडळावर आले. सभागृहाच्या वेळचं इतिवृत्तही वाचलं. पैसे वर्गणीतून जमले होते, एका माणसाच्या देणगीतून नव्हे.

मग मी जुनी पावतीपुस्तकं काढली. स्थळप्रतींवर पानामागून पान काकांचंच अक्षर. अकरा रुपयांच्या वर्गणीलाही देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि खाली त्यांची सही. एका पावतीवर रक्कम अक्षरात लिहिताना चूक झाली होती. ती त्यांनी खोडली नव्हती. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून त्या पुस्तकातच ठेवल्या होत्या आणि पुढच्या क्रमांकाची नवी पावती फाडली होती. ज्याने ट्रस्टचे हिशेब तपासले आहेत त्याला याची किंमत कळते. फाडून नेलेली एक स्थळप्रत सबंध पुस्तकावर शंका आणते.

'आधारवड' आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' मी काढून टाकलं. ते शब्द कोणाच्याही टिपणात बसले असते. त्या जागी लिहिलं: 'काका १९८९ पासून विश्वस्त होते. सभागृहासाठी त्यांनी घरोघरी जाऊन वर्गणी जमवली. त्या पावत्या त्यांच्या हस्ताक्षरात संस्थेकडे आहेत.' आजाराचा उल्लेख केला नाही, घरच्यांनी तसं सांगितलं होतं. वारसांची नावं मात्र त्यांच्याकडूनच तपासून घेतली.

छपाईआधी मजकूर काकांच्या मुलाला फोनवर वाचून दाखवला. 'संस्थापक' शब्द नाही, याचं त्याला वाईट वाटेल अशी धाकधूक होती. तो म्हणाला, "वर्गणीला बाबा मलाही बरोबर न्यायचे. तेवढं घालता येईल का?" मी 'मुलासह' हा शब्द घातला आणि मजकूर छापखान्यात पाठवला. पावतीपुस्तकं त्याला बघायची आहेत. रविवारी कपाट उघडून देणार आहे.